पायचे अंक रँडम असतात का?

*प्रश्न: पायचे अंक खरंच रँडम असतात का? नागपुरात आमच्या सोसायटीत ६० फ्लॅट आणि सावलीतल्या पार्किंगच्या जागा ८. पायचे अंक घेऊन ड्रॉ काढला तर चालेल का?*

नाही चालणार. पायचे अंक रँडम दिसतात, पण ते आधीच ठरलेले आहेत.

करूनच बघा. दशांश चिन्हानंतरचे अंक दोन-दोन करून वाचा: १४, १५, ९२, ६५, ३५, ८९, ७९, ३२, ३८, ४६, २६, ४३. साठच्या वरचे सोडून द्या. आठ विजेते मिळाले: १४, १५, ३५, ३२, ३८, ४६, २६, ४३. आता एकच अंक सरकून दुसऱ्या अंकापासून वाचा, तर ४१, ५९, २६, ५३, ५८, २३, ३३, २७ येतात. दोन्ही याद्यांत फक्त २६ सामाईक. म्हणजे ड्रॉ पाय काढतच नाही, सुरुवात कुठून करायची हे ठरवणारा माणूस काढतो. कुठल्याही एका फ्लॅटचा नंबर लागण्याची शक्यता ६० पैकी ८, म्हणून सेक्रेटरीने घरी बसून सुरुवातीच्या सरासरी सात-आठ जागा तपासल्या की त्याचा फ्लॅट यादीत येतो. वर तो ऐटीत सांगणार, "गणिताने काढलंय!"

यावर कोणीतरी हमखास म्हणतं, "पण पाय नॉर्मल संख्या आहे ना?" एक तर ते अजून सिद्ध झालेलं नाही. पहिल्या दहा लाख अंकांत प्रत्येक अंक लाखाच्या आसपास येतो (५ सर्वात जास्त, १,००,३५९, ६ सर्वात कमी, ९९,५४८), पण तो नुसता पुरावा, सिद्धता नव्हे. दुसरं म्हणजे, फ्रेंच गणितज्ञ बोरेलने १९०९ मध्ये मांडलेली ही कल्पना फक्त वाटणीबद्दल बोलते: प्रत्येक अंक दहात एकदा, प्रत्येक जोडी शंभरात एकदा, आणि असंच पुढे. ०.१२३४५६७८९१०१११२१३… ही संख्या नॉर्मल आहे, हे चॅम्परनाउनने १९३३ मध्ये सिद्ध केलं. तिचा पुढचा अंक शाळकरी पोरगंही सांगेल. तिच्यावरून काढाल का ड्रॉ?

सर्वांसमोर ईश्वरचिठ्ठी काढा. चिठ्ठ्या एकाच कागदाच्या, एकसारख्या घडीच्या, आणि भरपूर ढवळलेल्या हव्यात. डिसेंबर १९६९ मध्ये अमेरिकेत सैन्यभरतीचा ड्रॉ निघाला तेव्हा जन्मतारखांच्या कुप्या नीट मिसळल्या गेल्या नव्हत्या, आणि वर्षअखेरीच्या तारखांचे नंबर प्रमाणाबाहेर लवकर लागले. लॅपटॉपवरच हवं असेल तर पडदा सगळ्यांना दिसू द्या आणि एकदाच चालवा:

```python
import secrets
print(secrets.SystemRandom().sample(range(1, 61), 8))
```

"मनासारखं नाही आलं, पुन्हा चालवू" म्हटलं की तीच सात-आठ वेळांची युक्ती परत आली.

आणि हो, अंक गुपित ठेवायचे नसतील, कोणाचा फायदा-तोटा अडकला नसेल, तर पाय खुशाल वापरा. ब्लोफिश या सांकेतिकीकरणाच्या पद्धतीतले सुरुवातीचे आकडे पायमधूनच घेतलेत, ते आपल्या सोयीने निवडले असा संशय कोणाला येऊ नये म्हणून. किल्ली मात्र तिथेही वेगळी आणि गुप्तच लागते.