एसएस नळ्या आणि कार्बन स्टील ट्यूबशीट : एका कंडेन्सरमधले दोन वेगळे गंज

प्रश्न : आमच्या सॉल्व्हंट कंडेन्सरच्या कार्बन स्टीलच्या नळ्या बदलून तीन वर्षांपूर्वी एसएस ३०४ च्या घातल्या. ट्यूबशीट आणि वॉटर बॉक्स जुनेच ठेवले. आता ट्यूबशीट प्रत्येक नळीभोवती खाल्ली गेली आहे आणि चार नळ्यांना मध्यभागी बारीक भोके पडली आहेत. कूलिंग वॉटरचा मासिक रिपोर्ट सगळा 'ओके' आहे. ट्यूबशीटला इपॉक्सी मारून घेतले तर चालेल का?

उत्तर :

नुसत्या ट्यूबशीटला इपॉक्सी मारू नका. त्याने काम बिघडण्याची शक्यता अधिक आहे, आणि नळ्यांच्या भोकांवर तर त्याचा काहीच उपयोग होणार नाही. ट्यूबशीट आणि नळ्या एकाच पाण्यात आणि एकाच यंत्रात असल्या तरी त्यांचे आजार दोन आहेत.

आधी ट्यूबशीट घेऊ. नळ्या कार्बन स्टीलच्या होत्या तेव्हा दोन्हीकडे एकच धातू होता, त्यामुळे सगळे थोडेथोडे आणि सारख्या गतीने गंजत होते. एसएसवर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तो टिकून असेपर्यंत पाण्यात त्याचे विभव कार्बन स्टीलपेक्षा बरेच वरचे राहते. नळी ट्यूबशीटमध्ये एक्स्पांड केली की दोन्ही धातू विजेने जोडले जातात, आणि पाणी दुसऱ्या बाजूने मंडल पूर्ण करते. मग कार्बन स्टील अ‍ॅनोड होऊन विरघळते, आणि एसएसच्या पृष्ठभागावर पाण्यातला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेत राहतो. हीच गॅल्व्हॅनिक जोडी. इथे दोन धातूंमधल्या विभवाच्या फरकाइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व क्षेत्रफळांच्या गुणोत्तराला असते. कॅथोड मोठा आणि अ‍ॅनोड लहान असेल, तर सगळा प्रवाह त्या लहान जागेतूनच धातू उचलतो.

कूलिंग टॉवरच्या पाण्यात हा परिणाम नळीत खोलवर पोहोचत नाही, कारण पाण्याचा विद्युतरोध आड येतो. समुद्राच्या पाण्यात तो बराच आतपर्यंत जातो, तुमच्या पाण्यात मात्र मुख्यतः नळीच्या तोंडापासून काही सेंटिमीटरपर्यंतच. म्हणून ट्यूबशीट सरसकट न झिजता नेमकी नळीच्या कडेला खाल्ली गेली आहे. ही खूण एवढी ठळक आहे की निदानासाठी प्रयोगशाळेत जावे लागू नये. वॉटर बॉक्स साफ केल्यावर नळीची तोंडे ट्यूबशीटच्या पातळीपेक्षा पुढे आलेली आणि त्यांच्याभोवती कड्यासारखी खाच दिसली, तर ते काम याच जोडीचे.

आता इपॉक्सीचा हिशेब. एक अँपिअर प्रवाह वर्षभर वाहिला तर सुमारे ९.१ किलो लोखंड विरघळते. समजा, तुमच्या ट्यूबशीटचा उघडा भाग ०.१ चौरस मीटर आहे आणि जोडीचा एकूण प्रवाह ०.१ अँपिअर आहे. वर्षाला ०.९१ किलो लोखंड गेले, तर सरासरी झीज साधारण १.२ मिलिमीटर होते. ते वाईट आहे, पण डोळ्यांना दिसते. ट्यूबशीटला कोटिंग केले आणि नळ्या तशाच उघड्या ठेवल्या, तर कॅथोड तेवढाच राहतो. कोटिंगमधल्या सूक्ष्म छिद्रांची आणि नळीच्या कडेला सुटलेल्या जागांची बेरीज मात्र फार तर १० चौरस सेंटिमीटर भरेल. प्रवाह घटून विसाव्या हिश्शावर, म्हणजे ५ मिलिअँपिअरवर आला असे धरले, तरी वर्षाला ४५ ग्रॅम लोखंड त्या १० चौरस सेंटिमीटरमधूनच जाईल, म्हणजे जवळजवळ ६ मिलिमीटर खोली. एकूण झीज विसाव्या हिश्शावर आली, पण गळती आधी सुरू होईल. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. तत्त्व मात्र पक्के आहे : जोडीतल्या एकाच धातूवर कोटिंग करायचे असेल तर ते कॅथोडवर करावे, आणि शक्य असल्यास दोन्हींवर.

तुमच्या बाबतीत दोन्हींवर शक्य आहे. ट्यूबशीट ग्रिट ब्लास्ट करून धातू चांगला उघडा करावा (ठेकेदाराशी बोलताना एसए अडीच म्हटले की तो समजतो). खाच पडलेल्या जागा इपॉक्सी पुटीने भराव्यात, नळ्यांत बुचे बसवून ट्यूबशीटवर जाड थराचे इपॉक्सी ओतावे किंवा थापावे, आणि बुचे काढल्यावर तेच कोटिंग नळीच्या आत निदान ७५ ते १०० मिलिमीटरपर्यंत न्यावे. नळीच्या आतले हे काम कंटाळवाणे असल्याने तिथेच चुकारपणा होतो, म्हणून मोजणी तिथेच करावी. शिवाय नळीतल्या कोटिंगची आतली कड जाड पायरीसारखी ठेवू नये, उतरती करावी. नाहीतर तिथे पाणी भोवरा धरते आणि कोटिंग सोलवटते. शेवटी हॉलिडे डिटेक्टरने छिद्रे शोधून ती दुरुस्त करावीत.

वॉटर बॉक्समध्ये बळीचे अ‍ॅनोड बसवता येतात. पण जस्ताचे अ‍ॅनोड समुद्राच्या पाण्यात चांगले चालतात. कूलिंग टॉवरच्या पाण्यात ते लवकर थराने झाकले जाऊन निष्क्रिय होण्याची शक्यता असते, आणि गरम पाण्यात, ६० अंशांच्या आसपास व पुढे, जस्त व लोखंडाची भूमिका उलटूही शकते. अशा पाण्यात मॅग्नेशियम अधिक उपयोगी. अ‍ॅनोड वॉटर बॉक्सच्या धातूला स्वच्छ पृष्ठभागावर बोल्टने घट्ट जोडलेला असावा. तो रंगवून टाकलेला मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिला आहे. रंगवलेला अ‍ॅनोड दिसायला छान, कामाला शून्य. पुढच्या शटडाउनला तो झिजलेला दिसला नाही, तर आनंद न मानता त्याचा धातूशी संपर्क तपासावा.

इन्सुलेटिंग फ्लँजचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. कार्बन स्टीलची लाइन एसएसच्या यंत्राला मिळते तिथे तो योग्य आहे, पण एक्स्पांड केलेली नळी आणि ट्यूबशीट यांना वेगळे करता येत नाही. शिवाय पाइप सपोर्ट आणि अर्थिंगची पट्टी फ्लँजच्या दोन बाजूंना जोडत असतील, तर किट बसवूनही जोडी कायम राहते.

आता नळ्यांकडे. भोके मध्यभागी आहेत, ही माहिती मोलाची आहे. जोडीत एसएस कॅथोड असल्याने ट्यूबशीटजवळचा नळीचा भाग उलट सुरक्षित राहतो. मध्यभागी ते संरक्षण पोहोचत नाही, म्हणून तिथे पिटिंग झाले. एसएसच्या थराला क्लोराइड एखाद्या जागी भेदतो आणि बारीक खड्डा सुरू होतो. खड्ड्यात विरघळलेला धातू पाण्याशी प्रक्रिया करून आम्ल तयार करतो, विद्युतभाराचा तोल सांभाळायला बाहेरचा क्लोराइड आत ओढला जातो, आणि बाहेर पीएच ८ असला तरी खड्ड्यात तो ३ च्या खाली जाऊ शकतो. मग खड्डा स्वतःच स्वतःला वाढवतो. इथेही लहान अ‍ॅनोड आणि मोठा कॅथोड हेच गणित आहे, फरक इतकाच की दोन्ही एकाच धातूवर आहेत.

गाळाखाली हे लवकर सुरू होते, कारण तिथे ऑक्सिजन पोहोचत नाही आणि क्लोराइड साचतो. म्हणून एक गळकी नळी उपसून लांबीने दोन भागांत कापून पाहा, आणि उपसण्यापूर्वी तिची वरची बाजू खुणेने नोंदवा. खड्डे तळाच्या बाजूला, गाळाखाली असतील तर कारण प्रवाहाचा कमी वेग. तो नळीत निदान १ मीटर प्रतिसेकंद असावा. तापमान सांभाळण्यासाठी ऑपरेटर पाण्याचा व्हॉल्व्ह आवळत असेल तर गाळ बसणारच. गाळ काळा असेल आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने सडक्या अंड्यासारखा वास आला (उघड्यावर, थोड्याच गाळावर, नाक जवळ न नेता), तर त्यात सल्फाइड आहे आणि सल्फेट खाणाऱ्या जीवाणूंचा संशय घ्यावा. नळीवर काळपट तपकिरी, पातळ पण चिवट थर असेल तर मँगनीज तपासून घ्या. पाण्यातले मँगनीज क्लोरीनने ऑक्साइड होऊन एसएसवर बसते आणि त्याचे विभव इतके वर नेते की एरवी निभावून गेले असते अशा क्लोराइडलाही पिटिंग होते.

मासिक रिपोर्ट खोटा नसेल, पण तो तुमच्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. त्यातला गंजाचा दर माइल्ड स्टीलच्या कूपनवरून काढलेला असतो. कूपन वाहत्या पाण्यात, उष्णतेशिवाय आणि दुसऱ्या धातूशी न जोडता टांगलेले असते. ३ एमपीवायच्या आत दर आला की 'ओके' लिहितात. २ एमपीवाय म्हणजे वर्षाला ०.०५ मिलिमीटर, त्या हिशेबाने १.६ मिलिमीटर जाडीची नळी तीस वर्षे टिकायला हवी. सरासरी वजनघट खड्ड्याची खोली सांगत नाही. कूपन रॅकमध्ये ३०४ चे एक कूपन नायलॉनच्या वॉशरसह लावा आणि साठ-नव्वद दिवसांनी वॉशरखालची जागा भिंगाने पाहा.

क्लोराइड मेकअपचा नव्हे, फिरत्या पाण्याचा पाहावा, आणि तोही उन्हाळ्यातला. समजा, एमआयडीसीच्या पाण्यात क्लोराइड ३५ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे आणि तुम्ही पाच सायकल चालवता; टॉवरमध्ये तो १७५ होईल. एप्रिल-मेमध्ये निम्मे पाणी बोअरवेलच्या टँकरने आले आणि त्यात १८० असेल, तर मेकअपची सरासरी सुमारे १०८ आणि टॉवरमध्ये ५४० च्या आसपास. ३०४ साठी स्वच्छ नळीतही २०० ही सर्वसाधारण सावध मर्यादा मानतात, गाळाखाली तीही पुरत नाही. टँकर सुरू झाले की ब्लोडाउन वाढवून सायकल दोनच्याही थोड्या खाली आणाव्यात. पाणी जास्त लागेल, पण पर्याय नाही. दरवर्षी असेच होत असेल तर ३०४ ही निवडच चुकीची.

डिस्केलिंगसाठी ठेकेदार हायड्रोक्लोरिक आम्ल घेऊन आला तर एसएस नळ्यांना ते वापरू देऊ नये. इनहिबिटर घातलेले सायट्रिक किंवा सल्फॅमिक आम्ल घ्यावे आणि नंतर भरपूर धुवावे. कंडेन्सर काही दिवस बंद राहणार असेल तर पाणी नळ्यांत भरून ठेवू नये. काढून, धुऊन, हवा फुंकून कोरडे करावे. नवीन नळ्यांच्या हायड्रोटेस्टनंतर पाणी तसेच राहिले होते का, हेही जुन्या नोंदींत पाहा, कारण काही खड्ड्यांची सुरुवात तेव्हाचीच असू शकते.

या शटडाउनला सगळ्या नळ्यांची एडी करंट तपासणी करा. ३०४ ला ती चालते, मात्र अगदी बारीक खड्डे ती सोडू शकते. खोल खड्ड्यांच्या नळ्या बंद करा. संख्या थोडी असेल तर वेग सुधारून, क्लोराइड आवरून आणि वर सांगितलेले कोटिंग करून कंडेन्सर चालवता येईल. खड्डे सर्वत्र पसरले असतील तर ३१६एल किंवा २२०५ डुप्लेक्सच्या नळ्यांचा विचार करावा. पण शेलमधल्या सॉल्व्हंटमध्ये क्लोरीनयुक्त काही असेल तर धातू त्या बाजूनेही निवडावा लागेल, तेव्हा सॉल्व्हंटचे नाव आणि नळीत येणाऱ्या व जाणाऱ्या पाण्याचे तापमान इथे लिहा. नवीन नळ्या कोणत्याही घेतल्या तरी जुनी ट्यूबशीट त्यांच्यापुढे अ‍ॅनोडच राहणार आहे, म्हणून ट्यूबशीटची उरलेली जाडी आधी मोजा. ती कमी भरली तर नळ्यांबरोबर ट्यूबशीटही त्याच धातूची किंवा क्लॅड केलेली घ्या.