नोटिशीत ब्रेकरच्या तारखा आधी लिहा

प्रश्न: फ्लॅटचं रिनोव्हेशन काढतोय. आवाजाच्या वेळा, धूळ आणि मजुरांचा लिफ्ट वापर, याबद्दल सोसायटीतल्या लोकांना नोटीस लावायची आहे. नेमकं काय लिहू?

मी पुण्यात आमच्या सोसायटीची चार वर्षं सेक्रेटरी होते आणि मागच्या वर्षी आमच्याच दोन बाथरूमचं काम काढलं होतं. 'काम दीड महिना चालेल, सहकार्य करावे' एवढंच लिहिलं, तर कुणाला काही ठरवता येत नाही. दीड महिन्यातले खरे त्रासाचे दिवस पाच-सहाच असतात: ब्रेकरने जुन्या टाइल्स काढण्याचे आणि पाइपसाठी भिंतीला झिऱ्या मारण्याचे. ठेकेदाराकडून ते दिवस काढून घ्या आणि तारखेनिशी लिहा. आम्ही लिहिलं होतं, "सोमवार ते गुरुवार सकाळी १० ते १ आणि दुपारी ४ ते ६ ब्रेकर चालेल. १ ते ४ आवाजाचं काम बंद. रविवारी काम नाही." तुमच्या सोसायटीच्या वेळा वेगळ्या असतील तर त्या पाळा. स्लॅबमधून हादरा थेट खाली जातो, म्हणून खालच्या घरी मात्र स्वतः जाऊन सांगा. आमच्या खालच्या आजी ते चार दिवस लेकीकडे गेल्या, कारण त्यांना तारखा आधी कळल्या होत्या.

धुळीसाठी लिहा की टाइल पाणी सोडूनच कापली जाईल, दाराला आतून ओलं गोणपाट असेल आणि पॅसेज रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसला जाईल. कोरड्या झाडूने ती धूळ पुन्हा उडते. झिऱ्या कोरड्याच माराव्या लागल्या तर त्या खोलीचं दार बंद ठेवा आणि मजुरांना चांगले मास्क द्या. ती बारीक धूळ फुप्फुसात जाते आणि सगळ्यात जास्त तेच ती ओढतात. संध्याकाळी समोरच्यांच्या चपलांच्या रॅकवर बोट फिरवून बघा. पांढरा थर आला तर टाइल कोरडी कापली जातेय.

लिफ्टबाबत 'मजुरांनी जिना वापरावा' असं कृपया लिहू नका. दिवसभर घण मारणाऱ्या माणसाला पाच मजले चढायला लावणं मला पटत नाही. बंधन सामानावर घाला: "राडारोडा व सिमेंट फक्त ११ ते १ मध्ये, तोंड बांधलेल्या गोणीतून." सहा माणसांच्या लिफ्टची क्षमता साधारण ४०८ किलो असते. राडारोड्याची अर्धी गोणी ३० किलोची धरली, तर आठ गोण्या आणि दोन माणसं मिळून पावणेचारशे किलो होतात. त्याहून जास्त भरू नये. आमच्याकडे लिफ्ट वजनाने नाही, वाळूने बंद पडली होती. दाराच्या उंबऱ्याच्या खाचेत खडे अडकले, दार मिटेना, आणि चौथ्या मजल्यावरचे काका गुडघा धरत जिन्याने चढले. तेव्हापासून प्रत्येक खेपेनंतर ती खाच जुन्या पेंटिंग ब्रशने साफ करायची, हे नोटिशीत असतं आणि ब्रश वॉचमनच्या टेबलावर असतो.