टेम्पो रनला रेस समजू नकोस

अरे, पळताना पाय जड होतात ते लॅक्टेटमुळे, हे डोक्यातून काढ. लॅक्टेट हळू पळतानाही स्नायूंत तयार होतं आणि स्नायू, हृदय तेच इंधन म्हणून वापरतात. वेग वाढवत गेलं की एका टप्प्यावर ते वापरापेक्षा जास्त तयार होऊ लागतं आणि रक्तात साचतं. तोच थ्रेशोल्ड. साधारण तासभर जेमतेम टिकणारा वेग म्हणजे हाच, आणि याच वेगाने पळणं म्हणजे टेम्पो.

तुझे दहा किलोमीटर 60 मिनिटांत होतात, म्हणजे तुझा टेम्पो किलोमीटरला सहा मिनिटांच्या आसपास. पंधरा मिनिटं हळू जॉग कर, मग नरिमन पॉइंटहून गिरगाव चौपाटीकडे 20 मिनिटं एकसारखं पळ. तीन-चार शब्द बोलता यावेत, गप्पा नाहीत. आठवड्यातून एकदा पुरे. काही आठवड्यांत स्नायू लॅक्टेट जास्त वेगाने वापरू लागतात आणि तोच दम थोड्या जलद वेगाला पुरतो.

मी सुरुवातीला पाच-चाळीसने सुटायचो आणि चौपाटी येईतो साडेसहावर रडायचो. शेवटचा किलोमीटर पहिल्यापेक्षा मंद झाला, तर सुरुवात चुकली समज. मे महिन्याच्या दमट हवेत मात्र घड्याळ विसर, श्वासावर जा. किलोमीटरला दहा-पंधरा सेकंद हळू पडलास तरी टेम्पोच.