एका संध्याकाळी तीन रकाने: नव्याने सुरुवात करणाऱ्या ताईंसाठी

ताई, आधी धंदा शोधू नका. वहीचं पान आडवं धरून तीन रकाने पाडा: येतं काय, ओळखी कुणाच्या, घरात काय आहे. प्रत्येकाला वीस मिनिटं द्या.

नवीन माणूस पहिल्याच रकान्यात फसतो. ‘स्वयंपाक येतो’ एवढ्यानं काही सुचत नाही. ‘खापरावरचे मांडे येतात’, ‘पन्नास माणसांचं भरीत जमतं’ असं लिहा. ओळखीत नुसतं नाव नको, तो माणूस काय विकत घेतो किंवा कुणापर्यंत पोचवतो तेही लिहा. वस्तूंमध्ये गच्ची, स्कूटी, माळ्यावरची मोठी पातेली विसरू नका, ती हमखास सुटतात.

मग प्रत्येक रकान्यातली एकेक ओळ जोडा. मांडे, मंगल कार्यालयवाले मामा, खापर आणि चूल: लग्नात पाहुण्यांसमोर गरम मांडे करून देणं. मामांऐवजी पुण्यातली बहीण घेतली, तर खान्देशी मंडळींसाठी आखाजीला मांड्यांचं पार्सल. एकच ओळ बदलली की कल्पना बदलते.

तीस जोड्या होईपर्यंत ‘हे चालणार नाही’ म्हणून काहीही खोडू नका. भांडवल, परवाने उद्या बघू.