मेलबॉक्स टेकओव्हरचा एक इन्सिडेंट अर्जात कसा लिहावा

प्रश्न: मी आयटी सपोर्टमध्ये आहे, सिक्युरिटी ॲनालिस्टच्या जागेसाठी अर्ज करतोय. ‘तुम्ही हाताळलेला एक इन्सिडेंट, उचललेली पावलं आणि मिळालेला धडा लिहा’ असं विचारलंय. माझ्याकडे एकच आहे: अकाउंट्समधल्या सहकाऱ्याचा ऑफिसचा मेलबॉक्स कोणीतरी ताब्यात घेतला होता. मी लिहिलंय, ‘फिशिंग इन्सिडेंट यशस्वीपणे हाताळला, पासवर्ड रीसेट केला, युजरला जागरूक केलं.’ एवढं पुरेल का?

उत्तर:

नाही पुरणार. इन्सिडेंट मात्र उत्तम आहे, तो बदलू नका. ॲनालिस्टच्या जागांसाठी आलेले अर्ज मी बरीच वर्षं वाचतोय. रॅन्समवेअरच्या मोठ्या कहाणीपेक्षा एका मेलबॉक्सचं नीट लिहिलेलं प्रकरण उमेदवाराबद्दल जास्त सांगतं, कारण त्यातला प्रत्येक निर्णय त्याने स्वतः घेतलेला असतो.

तुमच्या वाक्यातला ‘पासवर्ड रीसेट केला’ हा भाग वाचणाऱ्याला खटकेल. मेलबॉक्स टेकओव्हरमध्ये नुसता पासवर्ड बदलून काम संपत नाही, हे त्याला माहीत असतं. हल्लेखोराने बनवलेला इनबॉक्स रूल तसाच राहतो. त्याने स्वतःचा फोन दुसऱ्या टप्प्याच्या पडताळणीसाठी जोडला असेल, तर तोही राहतो. एखाद्या ॲपला मेल वाचायची परवानगी देऊन ठेवली असेल, तर तीही राहते. तुम्ही हे सगळं तपासलं असेल आणि लिहिलं नसेल, तर वाचणारा तपासलं नाही असंच धरून चालतो.

तुमच्या प्रकरणाचे तपशील मला माहीत नाहीत. म्हणून मायक्रोसॉफ्ट 365 वर असं प्रकरण नेहमी जसं घडतं, तसं एक नमुन्यादाखल घेतो. वेळा आणि आकडे माझे आहेत, तुम्ही तुमचे घाला.

सहकारी 11:40 ला फोन करून सांगते की सकाळपासून ग्राहकांची उत्तरंच येत नाहीत. इथे लक्षात घ्या, तक्रार ‘हॅक झालंय’ अशी आलेलीच नाही, ‘मेल येत नाहीत’ अशी आली आहे. साधा सपोर्टवाला कोटा बघेल, आउटलुक पुन्हा सुरू करायला सांगेल. तुम्ही ऑडिट लॉग उघडलात, आणि त्यात ही नोंद दिसली:

```
Operation: New-InboxRule
Name: .
SubjectOrBodyContainsWords: invoice;payment
MoveToFolder: RSS Feeds
MarkAsRead: True
```

रूलचं नाव म्हणजे नुसतं एक टिंब. बिलाचा किंवा पैशांचा उल्लेख असलेला प्रत्येक मेल वाचलेला म्हणून खूण करून, कोणीच उघडत नाही अशा फोल्डरमध्ये टाकायचा. सहकाऱ्याने हा रूल बनवलेला नाही. अर्जात दाखवायचा क्षण हाच: ‘मेल येत नाहीत’ या तक्रारीवरून तुम्ही रूलपर्यंत कसे पोचलात. तुमचं डोकं कसं चालतं हे याच एका वाक्यातून कळतं, म्हणून त्याला जागा द्या.

पुढचा प्रश्न असा की रूल बनवणारा लॉगिन खरंच परका होता, हे कशावरून? साइन-इन लॉगमध्ये 09:12 चा लॉगिन एका होस्टिंग कंपनीच्या आयपीवरून आहे, रूल 09:16 चा. सहकारी त्या वेळी ऑफिसच्या नेटवर्कवर होती. व्हीपीएनची शक्यता तुम्ही कशी बाजूला सारलीत तेही लिहा, मुलाखतीत ते हमखास विचारतात. आणि तिला विचारायला तुम्ही फोन केला की मेल? मेल केला असता तर तो हल्लेखोरानेही वाचला असता. ‘खात्री फोनवर केली, कारण मेलबॉक्स अजून दुसऱ्याच्या हातात होता’ हे वाक्य छोटं आहे, पण वाचताना मी अशा वाक्यापाशी थांबतो.

मग प्रश्न उरतो तो एमएफएचा. तिच्या खात्यावर एमएफए चालू होतं, तरी लॉगिन झाला कसा? फिशिंग मेलमधल्या लिंकमागे बऱ्याचदा मधे बसलेलं प्रॉक्सी पान असतं. ते खरं लॉगिन पानच पुढे दाखवतं. युजर पासवर्ड टाकतो, फोनवर मंजुरीही देतो, आणि तयार झालेलं सत्र प्रॉक्सीकडे जातं. त्यानंतरच्या लॉगिनसमोर लॉगमध्ये `MFA requirement satisfied by claim in the token` असं दिसतं, म्हणजे मंजुरी नव्याने मागितलीच गेली नाही. ही ओळ एकटीने काही सिद्ध करत नाही, रोजच्या वैध लॉगिनलाही ती येते. परका आयपी, चार मिनिटांत बनलेला रूल आणि ही ओळ एकत्र आली, की चित्र स्पष्ट होतं. अर्जात हे दोन वाक्यांत मांडा, पण मांडाच, कारण ‘पासवर्ड बदलला’ हे उपाय म्हणून का अपुरं पडतं त्याचं कारण यातच आहे.

पावलं लिहिताना क्रम आणि त्याचं कारण दोन्ही द्या. या प्रकरणात मी हा क्रम धरला असता. आधी रूलची नोंद आणि साइन-इन लॉग बाहेर काढून जपून ठेवायचे, याला पाच मिनिटं पुरतात. मग खात्याचं साइन-इन बंद, मग चालू सत्रं रद्द:

```
Revoke-MgUserSignInSession -UserId <user>
```

त्यानंतर पासवर्ड, जोडलेल्या पडताळणी पद्धती, ॲपना दिलेल्या परवानग्या, फॉरवर्डिंग, आणि सर्वात शेवटी रूल काढणं. पुरावा न घेता रूल आधीच उडवला, तर त्यात नेमके कोणते शब्द होते हे नंतर ऑडिट लॉगमधून शोधत बसावं लागतं, आणि लॉग किती काळ ठेवला जातो यावर सगळं अवलंबून राहतं. सत्रं रद्द केल्यावरही आधी दिलेला ॲक्सेस टोकन काही वेळ, कधी तासभरही, चालू राहू शकतो. म्हणून त्यानंतरच्या हालचालींवर नजर ठेवली होती का, तेही लिहा. तुमचा क्रम वेगळा असेल तर तो खराच लिहा, जुळवून घेऊ नका. पैसे जाण्याचा धोका समोर असेल तर आधी खातं बंद करणंही योग्यच ठरतं. कारण पटलं की क्रमाबद्दल कोणी अडत नाही.

नवे उमेदवार सहसा गाळतात तो भाग म्हणजे व्याप्ती. एक मेलबॉक्स साफ झाला, पण तोच फिशिंग मेल आणखी किती जणांना आला होता? मेसेज ट्रेसमधून समजा चौदा जण निघाले. त्यांच्यापैकी कोणाच्या खात्यात तसाच लॉगिन आहे का, हे बघितलं का? ताब्यातल्या मेलबॉक्समधून बाहेर काही गेलं का? अकाउंट्सचा मेलबॉक्स असल्यामुळे ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे’ असा मेल ग्राहकांना जाणं हाच खरा धोका. समजा असे दोन मेल गेले. दोन्ही ग्राहकांना फोन करून पैसे पाठवणं थांबवलं, हे तुमच्या अर्जातलं सर्वात वजनदार वाक्य ठरेल. त्यातही हा फोन तुम्ही केलात की फायनान्स प्रमुखांनी, ते स्पष्ट हवं. ‘आम्ही’ म्हणून सगळं झाकलं की मुलाखतीत तीनच प्रश्नांत उघडं पडतं.

जे कळलं नाही तेही एका वाक्यात लिहा. हल्लेखोराने कोणते मेल उघडले हे `MailItemsAccessed` या नोंदींतून कळू शकतं, पण त्या नोंदी मिळाल्या नसतील तर ‘डेटा गेला नाही’ असं लिहायचा तुम्हाला अधिकार नाही. ‘वाचले गेल्याचा पुरावा मिळाला नाही, पण नाकारताही आलं नाही’ असं लिहा. रिपोर्ट लिहिणारा माणूस असाच लिहितो.

वेळांबाबत एक छोटी गोष्ट. ऑडिट लॉग यूटीसीमध्ये असतो आणि युजर सांगते ती वेळ तिच्या घड्याळाची. दोन्ही एकाच पट्टीवर आणूनच टाइमलाइन बनवा. नाहीतर रूल आणि तक्रार यांमधलं अंतर चुकीचं दिसतं.

आता धडा. ‘युजरला जागरूक केलं’ हे काढून टाका. पान खऱ्यासारखंच दिसत होतं, मंजुरीही तिनेच दिली होती, मग तिला नेमकं काय शिकवणार? धडा म्हणजे त्या दिवसानंतर यंत्रणेत किंवा कामाच्या पद्धतीत काय बदललं. इथे तो असा: हा प्रकार आपल्याला अलर्टवरून कळला नाही, तक्रारीवरून कळला, आणि तोपर्यंत अडीच तास गेले होते. म्हणून मेल लपवणाऱ्या नव्या रूलवर अलर्ट लावला. तुम्हाला लावण्याचा अधिकार नसेल तर ‘सुचवला, टीमने मंजूर केला’ किंवा ‘सुचवला, निर्णय बाकी आहे’ असं जसं असेल तसं लिहा. त्या अलर्टने पहिल्या आठवड्यात भरपूर खोट्या घंटा वाजवल्या आणि फिल्टर बदलावा लागला असेल, तर तेही सांगा. फिशिंगला न बधणाऱ्या पासकीची शिफारसही इथेच येते, पण ती फक्त शिफारस होती हे लपवू नका.

हे सगळं एकत्र आणलं की अर्जातला परिच्छेद साधारण असा होतो:

> अकाउंट्समधील सहकाऱ्याची ‘ग्राहकांचे मेल येत नाहीत’ अशी तक्रार आली. ऑडिट लॉगमध्ये पैशांसंबंधीचे मेल लपवणारा, तिने न बनवलेला इनबॉक्स रूल आढळला. चार मिनिटे आधी होस्टिंग सेवेच्या आयपीवरून लॉगिन झाले होते. मेलबॉक्स असुरक्षित असल्याने तिच्याशी फोनवर खात्री केली. लॉग जतन करून तक्रारीपासून 25 मिनिटांत साइन-इन बंद केले, सत्रे रद्द केली, नंतर पासवर्ड, पडताळणी पद्धती, ॲप परवानग्या व रूल तपासून साफ केले. तोच मेल आलेल्या इतर 14 खात्यांचे लॉगिन तपासले. परके लॉगिन आढळले नाही. बँक खाते बदलल्याचे दोन बनावट मेल बाहेर गेले होते. मी यादी दिली, फायनान्स प्रमुखांनी ग्राहकांना फोन केले व पेमेंट थांबले. कोणते मेल वाचले गेले हे निश्चित करता आले नाही. प्रकार लक्षात येण्यास अडीच तास लागले, म्हणून असे रूल बनताच अलर्ट यावा असे सुचवले. तो आता सुरू आहे.

सीव्हीत याच्या दोनच ओळी टाका: काय सापडलं आणि किती वेळात रोखलं. ‘यशस्वीपणे’ हा शब्द कुठेच नको. मायटर ॲटॅकचे क्रमांक घालायचे असतील तर T1566 आणि T1564.008 हे दोन इथे चपखल बसतात, पण समोरच्याने विचारल्यावर त्यांचा अर्थ सांगता येत असेल तरच घाला.

गोपनीयतेचंही बघा. कंपनीचं नाव, डोमेन, आयपी, ग्राहक, तारीख यांपैकी काहीच अर्जात नको; ‘25 मिनिटांत’ यासारखे कालावधी चालतात. स्क्रीनशॉट तर पुसट करूनही जोडू नका. हे परिच्छेदरूपात बाहेर वापरू का, असं तुमच्या मॅनेजरना आधी विचारा. नोकरी शोधताय हे त्यांना कळू द्यायचं नसेल, तर करारातलं गोपनीयतेचं कलम स्वतः वाचा. कलम कडक असेल तर ‘अकाउंट्समधील सहकारी’ऐवजी ‘एक कर्मचारी’ लिहा आणि बनावट मेलचं वाक्य गाळा. तेवढं काढूनही परिच्छेद उभा राहतो.

तुमच्या प्रकरणातल्या खऱ्या वेळा काढून टाइमलाइन बनवली की इथे टाका, नावं वगळून. मी वाचून सांगतो कुठे प्रश्न येतील.