पावसात घरी निघालेल्या रिक्षाची गोष्ट लिहिताना

प्रिय,

तुझा खर्डा दोनदा वाचला, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने. हजार शब्द फार होतात. चारशेवर आण, चित्रं दाखवत वाचायला तेवढ्यालाच पाचएक मिनिटं लागतात. पण कात्री लावण्याआधी एक मोठी दुरुस्ती कर. रिक्षा घर कशी शोधते, हे ऐकणाऱ्या मुलाला कळतच नाही. ‘डावीकडे वळली, मग उजवीकडे वळली’ असं तू लिहिलं आहेस. पाच वर्षांच्या बऱ्याच मुलांचं डावं-उजवं अजून पक्कं झालेलं नसतं, त्यामुळे त्यांच्यापुढे रस्ता उभाच राहत नाही. त्यांना खुणा लागतात.

या खुणा पाऊस येण्याआधीच पेरून ठेव. सकाळी कोरड्या उन्हात रिक्षा नारायण पेठेतल्या वाड्यातून निघते तेव्हा गल्लीच्या तोंडाशी गिरणी घरघरते, पुढे देवळाची घंटा ठणठणते. दोनच खुणा, एकेका वाक्यात. तिसरी घातलीस तर पहिली विसरली जाईल. संध्याकाळी धो धो पावसात वीज जाते. आता गिरणी गप्प असते, म्हणून रिक्षा गल्लीपाशी येऊनही गोंधळते. घंटेला मात्र वीज लागत नाही. ती वाजली की ‘घर आलं!’ हे रिक्षाच्या आधी मूल ओरडलं पाहिजे. म्हणून घंटेच्या आवाजानंतर लगेच पुढचं वाक्य लिहू नकोस, पान उलटू दे.

आता धाडसाचं. खर्ड्यात रिक्षा पुराच्या पाण्यात उडी घेते. हे काढून टाक. खडकवासल्यातून पाणी सोडलं की मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली जातो आणि बंद करतात, हे पुण्यातलं मूल घरी ऐकत असतं. तुझी रिक्षा डेक्कनकडून त्या पुलाशी येऊ दे, पाणी पाहू दे, आणि मागे वळून लकडी पुलावरून लांबच्या वाटेने निघू दे. अंधारात लांबची वाट धरायची, हेच तिचं धाडस. ते नुसतं दाखव. ‘ती धाडसी होती’ हे वाक्य गोष्टीत कुठेच नको.

अडचणी रिक्षाच्याच असू देत, ट्रकच्या नकोत. खड्डा आला की मोटार तो दोन चाकांच्या मधे घेऊन निघून जाते. रिक्षाचं पुढचं चाक नेमकं मधोमध, ते खड्ड्यात जातंच. मुलांना हे चित्रात पटकन दिसतं. दुसरी अडचण, इंजिन मागे आणि खाली असल्याने उडालेलं पाणी प्लगवर जातं, ठिणगी नीट पडत नाही, रिक्षा बंद पडते. गोष्टीत यातलं काही समजावू नकोस. रिक्षाचं नाव टिकली धरून एवढंच पुरे:

‘खॉक! खॉक! फुस्स. टिकली गप्प.’

मग चहाच्या टपरीवरच्या मावशी कोरड्या फडक्याने प्लग पुसतात आणि टिकली पुन्हा सुरू होते. चालक आत बसवू नकोस, नाहीतर वाट त्याने शोधली असं होईल. रिक्षावाले काका घरी कंदील घेऊन वाट बघत असू देत.

नावावरून एक सांगते. खर्ड्यात ‘राजू रिक्षा’ आहे, त्यामुळे एका ओळीत ‘तो’ आणि पुढच्या ओळीत ‘ती’ झालं आहे. मराठीत रिक्षा ‘ती’च, म्हणून मी वर टिकली म्हटलं. दुसरं कुठलंही मुलीचं नाव चालेल, फक्त मुलांना सहज म्हणता यावं.

पालुपद तीनदाच येऊ दे: पुलापाशी, खड्ड्यानंतर आणि टपरीवरून निघताना. ‘टुक टुक टुक, निघाले घरी’ असं काहीतरी. तिसऱ्यांदा मुलं बरोबर म्हणतील, म्हणून शब्द बदलू नकोस, फक्त चाल बदल. पहिल्यांदा जोरात, खड्ड्यानंतर दमलेलं, शेवटी हळू. ‘मुसळधार पर्जन्यवृष्टी’ काढ. रिपरिप, टपटप, धो धो हे तीन शब्द पावसाची चढती पायरी दाखवायला पुरतात. वीज एकदाच कडाडू दे, आणि तीही पूल मागे पडायच्या आत. गोष्ट झोपायच्या वेळेची आहे, भीती शेवटाकडे वाढत गेली तर मूल जागं राहील.

शेवटी घरातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवणं नको. काका टप पुसतात, दिवा मालवतात. तापलेलं इंजिन आणि सायलेन्सर निवताना खरोखरच बारीक आवाज करतात, तोच शेवटचा आवाज ठेव:

‘टिक… टिक… टिक.’

पुढचा खर्डा पाठवण्याआधी दोन मुलांना वाचून दाखव. मूल चित्रावरून नजर काढून दुसरीकडे बघेल तिथे पेन्सिलने खूण कर, आणि खुणा केलेलीच प्रत मला पाठव.

तुझी,
ताई