आधी गोळाभाताची दोन पानं पुरी कर

प्रिय पोरी,

आजीच्या पंचाहत्तरीला सतरा पदार्थांची पुस्तिका, पंचवीस प्रती, घरच्यांना भेट. बेत छान आहे. पण तू सगळ्या पाककृती आधी टाइप करून राहिली आहेस, फोटो नंतर, मांडणी त्याच्याही नंतर, असं तुझ्या आईकडून कळलं. तसं करू नकोस. एकच पदार्थ घे, त्याची समोरासमोरची दोन पानं अगदी छापून हातात येईपर्यंत पुरी कर, आणि मग बाकीच्या सोळांना हात लाव. चूक निघाली तर ती दोन पानांत निघते, चौतीस पानांत दुरुस्त करत बसावं लागत नाही. डीटीपीत आयुष्य गेलं म्हणून सांगते, बहुतेक घरगुती पुस्तिका शेवटच्या आठवड्यात अडतात त्या याच कारणाने.

गोळाभात घे. त्यात सगळ्या अडचणी एकदम भेटतात. डावीकडे पानभर फोटो, उजवीकडे कृती.

मजकुरापासून सुरुवात करू. ‘हरभऱ्याची डाळ’ लिहिशील तेव्हा तो ‘ऱ्य’ नीट पाहा. घाईने टाइप केलं की ‘हरभर्याची’ होतं, म्हणजे र डोक्यावर चढून बसतो. स्क्रीनवर चटकन लक्षात येत नाही, छापल्यावर आजीला मात्र पहिल्या नजरेत दिसेल. पुऱ्या, मिऱ्यांची पूड, दुसऱ्या दिवशी, वऱ्हाडी: आपल्या स्वयंपाकात हे अक्षर पावलोपावली येतं. उपाय सोपा आहे. मजकूर झाला की शोधाच्या चौकटीत आधी ‘र्य’ टाक, मग ‘र्ह’ टाक, आणि जे जे सापडेल ते एकेक वाचून बघ. ‘कार्य’ बरोबर आहे, ‘पुर्या’ चूक आहे. सरसकट बदल करायला जाऊ नकोस, नाहीतर चांगले शब्दही बिघडतील. ‘तर्री’लाही हात लावू नकोस, तिथे र डोक्यावरच हवा.

फॉन्ट युनिकोडच घे. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांचा चिवडा होतो. मजकुराला Tiro Devanagari Marathi चांगला आहे, मोफत मिळतो, आणि त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. शीर्षकाला Mukta जाड वजनात चालेल. एखादा नक्षीदार फॉन्ट आवडलाच, तर त्यात ‘वऱ्हाडी कढीपत्त्याच्या पुऱ्या’ एवढी एक ओळ लिहून बघ. असा पदार्थ नाही, पण ती ओळ न मोडता आली तर फॉन्ट बहुतेक ठीक आहे.

अक्षर १२ पॉइंट ठेव आणि ओळींमधलं अंतर १८. उकार आणि वेलांट्यांना जागा लागते. शिवाय हे पुस्तक मांडीवर घेऊन वाचायचं नाही, ओट्यावर ठेवून हातभर अंतरावरून वाचायचं आहे. मजकूर डावीकडून सरळ ठेव, दोन्ही कडा जुळवायला जाऊ नकोस, नाहीतर शब्दांमध्ये मोठमोठ्या फटी पडतात. आणि अर्ध्या-पावाची चिन्हं टाकू नकोस. ती पुष्कळदा वेगळ्याच फॉन्टमधून येतात आणि बारीक दिसतात. पाव, अर्धी, पाऊण असं अक्षरी लिही, आजी तसंच बोलते. ‘२ वाट्या’मधला २ ओळीच्या शेवटी एकटा राहू नये म्हणून मधे साधी जागा न सोडता Ctrl+Shift+Space दे.

वाटीचंही आताच ठरवून टाक. आजीची वाटी म्हणजे किती, हे पंचवीस घरांना कळणार नाही. तिची नेहमीची वाटी काट्यावर ठेव, काटा शून्यावर आण आणि वाटी पाण्याने भर. जितके ग्रॅम तितके मिलिलीटर. तो आकडा एकदाच, पान २ वर लिही. मग कृतीत खुशाल ‘एक वाटी तांदूळ’ म्हण. ‘तेल अंदाजाने’ मात्र नको. गोळ्यांवर वरून घालायच्या फोडणीचं तेल आजी ओतते तेव्हा आधी वाटीत ओतायला लाव आणि मोजून घे.

आता फोटो. सगळ्यात जास्त माती इथेच होते, आणि तीही पाठवताना. फोनमधला मूळ फोटो साधारण ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा असतो. तोच काकूने तुला व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की लांब बाजू साधारण १६०० वर येते. छपाईला एका इंचात ३०० पिक्सेल हवेत, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये ११८. तेव्हा हिशेब असा लक्षात ठेव: पिक्सेलला ११८ ने भागलं की किती सेंटिमीटर चांगलं छापेल ते कळतं. १६०० भागिले ११८ म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर. तुझं पान मात्र २१ सेंटिमीटर उंच आहे. तो फोटो ताणून पानभर केलास तर अगदीच फुटणार नाही, पण भाताचं शीत न् शीत सुटं दिसायला हवं तिथे लगदा दिसेल. म्हणून सगळ्यांना सांग, फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. तसा पाठवला की जसाच्या तसा येतो.

फोटो काढताना ट्यूबलाइट बंद कर आणि ताट खिडकीजवळ आण. खिडकीचा निळसर उजेड आणि घरातला दिवा एकत्र आले की भात एका बाजूने निळा आणि दुसऱ्या बाजूने पिवळा येतो, आणि ते नंतर नीट करता येत नाही. स्टीलच्या ताटात तूच फोन धरून उभी दिसशील, म्हणून केळीचं पान नाहीतर साधी पांढरी ताटली घे. गोळा फोडून ठेव, वर फोडणी पडताना फोटो काढ. वाफेने भिंग धूसर होतं, तेव्हा फोन थोडा लांब धर आणि नंतर काप.

फोटो उजळवताना एक ध्यानात ठेव. स्क्रीन आतून उजळलेली असते, कागद नसतो. फोनवर झकास दिसणारा पाटोडीचा रस्सा कागदावर काळपट येतो. स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आण, आणि तेव्हाही रश्श्यात पाटोडी ओळखू येईल इतपत सावल्या उजळ कर. तर्रीचा भडक लाल मात्र थोडा फिका पडणारच. छपाईच्या चार शाईंना तेवढा झगझगीत रंग येत नाही, त्यावर वेळ घालवू नकोस.

मांडणी तू LibreOffice Writer मध्ये करते आहेस, हरकत नाही. पान ए-५ हवंय, म्हणजे १४८ गुणिले २१० मिलिमीटर. पण फोटो कडेपर्यंत न्यायचा असेल तर पान चारही बाजूंनी ३ मिलिमीटर मोठं घ्यावं लागतं, म्हणजे १५४ गुणिले २१६. कापणारं यंत्र कधी अर्धा मिलिमीटर इकडे जातं, कधी तिकडे. फोटो नेमका कडेवर संपला असेल तर कुठेतरी पांढरी रेघ राहते. त्या जादा पट्टीत फोटोचा बिनकामाचा भाग येऊ दे. मजकूर आणि पानाचा आकडा मोठ्या पानाच्या कडेपासून १५ मिलिमीटर आत ठेव, पिनेच्या बाजूला १८. पिनेच्या पुस्तिकेत मधली पानं मिलिमीटरभर बाहेर सरकतात आणि तेवढी कापली जातात, म्हणूनही हे अंतर लागतं.

मधे पिना मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात. तुझा हिशेब असा बसतो: पान १ वर नाव, २ वर वाटीचं माप, ३ वर अनुक्रमणिका. पान ४ आपोआप डावीकडे येतं, म्हणजे फोटो ४ वर, कृती ५ वर, आणि असे सतरा पदार्थ ३७ पर्यंत. उरलेली तीन धरून ४० होतात. दोन पानं टिपणांसाठी रिकामी सोड, शेवटच्या पानावर आजीच्या वहीतलं तिच्या अक्षरातलं एखादं पान स्कॅन करून टाक. वहीचं पान मूळ आकारातच छापणार असशील तर ३०० डीपीआयला स्कॅन पुरे, दुप्पट मोठं करणार असशील तर ६०० ला कर. मुखपृष्ठाची चार पानं वेगळी, जाड कागदावर, वेगळ्या फाइलमध्ये.

पीडीएफ करताना File, Export As, Export as PDF. तिथे JPEG चा दर्जा ९० च्या खाली नेऊ नकोस आणि Reduce image resolution वर खूण असेल तर समोर ३०० आहे ना ते बघ. पीडीएफ तयार झाली की Acrobat Reader मध्ये उघडून Ctrl+D दाब आणि Fonts बघ. प्रत्येक फॉन्टपुढे Embedded Subset असं दिसलं पाहिजे. एखाद्यापुढे नसेल तर छापखान्याच्या संगणकावर तिथे दुसरंच अक्षर येऊ शकतं. पानं एकेक, वाचायच्या क्रमानेच दे. समोरासमोर जोडून देऊ नकोस. कोणतं पान कोणाशेजारी छापायचं ते छापखाना लावतो, तू आधीच जोडून दिलंस तर त्यांना ती परत सोडवावी लागतात.

आता ती गोळाभाताची दोनच पानं पेनड्राइव्हवर घे आणि बर्डीवरच्या छापखान्यात जा. पंचवीस प्रतींना ऑफसेट परवडत नाही, डिजिटलच कर. जाताना तीन गोष्टी सांग: तयार आकार ए-५, चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जादा आहे, आणि छपाई पूर्ण आकारात, ‘फिट’ करून नाही. Writer कापणीच्या खुणा देत नाही, म्हणून हे तोंडाने सांगावंच लागतं. १३० जीएसएमचा मॅट आर्ट पेपर माग. चकचकीत कागदावर ओट्यावरच्या दिव्याची तिरीप पडली की वाचता येत नाही. मुखपृष्ठाला मात्र लॅमिनेशन हवंच, तेलाचे हात लागणार आहेत.

कापून हातात आलं की आधी पट्टी लाव. रुंदी १४८ भरली पाहिजे. १४२-१४३ भरली तर त्यांनी ‘फिट’ केलंय. मग भिंगातून अक्षर बघ. काळ्या अक्षराच्या कडेला लाल-निळी झालर दिसली तर काळा रंग चार शाईंतून छापलाय. त्यांना ‘मजकूर नुसत्या काळ्यात घ्या’ एवढं म्हण, त्यांना कळतं. शेवटी ते पान आजीच्या ओट्यावर ठेव, ती उभी राहते तिथून तिला चष्मा लावून वाचायला सांग. भेट गुपित ठेवायची असेल तर शेजारच्या आजींना सांग.

हे सगळं जमलं की बाकीच्या सोळा पदार्थांसाठी हीच फाइल नक्कल करून वापर, नवी मांडू नकोस. छापलेली दोन पानं मला आणून दाखव, पीडीएफ पाठवू नकोस.

तुझी,
मावशी